कराचीची गल्ली आणि लोणारचे पाणी

एका अरुंद गल्लीत काही मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोन इसम तेथे येतात, आणि मागे बसलेला इसम त्यांतल्या एका लहानग्याला उचलून घेताच गाडी भरधाव निघून जाते. आज आठवीच्या वर्गापुढे कार्यशाळेचा आरंभ मी या चित्रफितीने केला. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून ती देशभर असंख्य मोबाइलांवर फिरली होती, आणि त्याच अफवांच्या हंगामात, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागून निर्वाह करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ही हकीकत मी मुलांना कोणतेही चित्र न दाखवता, मोजक्या शब्दांत सांगितली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ती सांगू नये असे काही शिक्षकांचे मत असते. परंतु ज्या वयात हातात मोबाइल येतो, त्याच वयात त्यातून काय घडू शकते हेही कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मग शहानिशेला सुरुवात झाली. चित्रफीत थांबवून तिच्यातले एक स्थिर चित्र निवडायचे आणि ते गूगल लेन्सला देऊन पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले आहे का ते पाहायचे, एवढीच कृती; पण चित्र कोणते निवडावे यातच निम्मे कौशल्य आहे. मुलांनी साहजिकच मूल उचलले जाते तो क्षण निवडला, आणि तो वेगामुळे इतका पुसट होता की शोधातून काही हाती लागेना. त्यानंतर गल्लीच्या भिंती आणि दारे स्पष्ट दिसतात असे आधीचे चित्र घेतले, तेव्हा उत्तरे येऊ लागली. त्यांत त्या चित्रफितीच्याच अनेक नकला, निरनिराळ्या गावांची नावे लावलेल्या, एकाखाली एक उभ्या राहिल्या, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, एवढ्या ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार." त्याचे हे अनुमान मी फळ्यावर जसेच्या तसे लिहून घेतले, कारण मोठी माणसेही नेमकी येथेच फसतात. दहा जणांनी एकाच माणसाकडून ऐकलेली गोष्ट सांगितली, तर साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो. ऐकीव साक्षीबाबत न्यायालयेही साधारणतः असेच पाहतात, आणि मुलांना हा मुद्दा गावच्या भांडणाचे उदाहरण देताच समजला.

मग नकला बाजूला सारून सर्वांत जुनी नोंद आणि सर्वांत लांब प्रत शोधायची, असे ठरले. ती सापडली तेव्हा वर्ग काही वेळ अवाक् झाला. ही चित्रफीत कराचीतील रोशनी हेल्पलाइन या, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती. तिच्या मूळ प्रतीत ते दोघे त्याच गल्लीत परत येतात, मुलाला सुखरूप खाली उतरवतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाचा फलक उंच धरतात. पालकांना सावध करणारा हा शेवट कोणीतरी कापून टाकला, आणि उरलेल्या भागाला आपल्याकडच्या गावांची नावे चिकटवली. एकाही चित्रात फेरफार केलेला नव्हता. म्हणून 'हे बनावट आहे का?' या प्रश्नापेक्षा 'याच्या आधी आणि नंतर काय होते?' हा प्रश्न आधी विचारावा, असे मुलांनी आपल्या वहीत लिहून घेतले.

मधल्या सुट्टीनंतर मी मुद्दाम उलट प्रकारचा दाखला ठेवला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याचे छायाचित्र दाखवले, आणि खरे की खोटे यावर हात वर करायला सांगितले. जवळजवळ सारा वर्ग 'खोटे' म्हणाला. सकाळच्या अनुभवाने शहाणी झालेली मुले कारणेही तत्परतेने देत होती: रंग भरलेला दिसतो, डोंगर जसाच्या तसा आहे आणि फक्त पाणीच कसे बदलले, वगैरे. वास्तविक जून २०२० मध्ये ते पाणी खरोखरच गुलाबी झाले होते. माध्यमसाक्षरतेच्या पुष्कळशा कार्यशाळा नेमक्या याच टप्प्यावर समाधानाने संपतात. मुले प्रत्येक गोष्टीवर संशय घेऊ लागली की शिक्षण झाले, असे मानले जाते. माझ्या मते ही परीक्षाच चुकीची आहे. ज्याला सगळेच खोटे वाटते तो लसीकरणाची सूचनाही फेकून देईल आणि पुराचा इशाराही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक सत्यशोधक हे अनोळखी संकेतस्थळे कशी पारखतात याचे निरीक्षण केले होते. विद्वान मंडळी त्या पानावरच रेंगाळत राहिली, तर सत्यशोधक तत्काळ ते पान सोडून इतर लोक त्याविषयी काय सांगतात हे पाहू लागले, आणि निर्णयही त्यांचाच लवकर व बिनचूक ठरला. लोणारच्या छायाचित्राबाबत आम्ही तेच केले. चित्राकडे टक लावून रंग तपासणे सोडले, आणि हे जाणून घेणे ज्यांचे कामच आहे असे कोण, हा प्रश्न घेतला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या पाण्याचे नमुने तपासले होते; बाष्पीभवनाने क्षारता वाढली की फोफावणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव त्यांत आढळले, आणि नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसून वरचे पाणी पुन्हा स्वच्छ झाले. नासाच्या संकेतस्थळावर रंगबदलाच्या आधीची आणि नंतरची उपग्रहचित्रेही मिळाली. एक प्रयोगशाळा जमिनीवरून आणि एक उपग्रह आकाशातून, एकमेकांवर विसंबून न राहता तेच सांगत होते. सकाळच्या नकलांच्या ढिगाऱ्यात असे दोन साक्षीदार नव्हते. हा भेद मुलांनी स्वतः बोलून दाखवला, तेव्हा मला फार आनंद झाला.

पुढचा भाग शोधयंत्राचा नव्हता, घरचा होता. एका मुलीने विचारले, "आजोबाच ग्रुपवर पाठवतात, त्यांना कसं सांगायचं?" चारचौघांत वडीलधाऱ्यांना खोटे पाडणे आपल्या घरांत बसत नाही, आणि बसवले तरी उपयोग होत नाही, कारण मानहानी झालेला माणूस मजकुराला अधिकच घट्ट धरतो. म्हणून आम्ही तो संवाद वर्गातच करून पाहिला. "आजोबा, हे खोटं आहे" या वाक्यावर आजोबा झालेला मुलगा खरोखरच चिडला; पण "आजोबा, हे तुम्हाला कोणी पाठवलं? मला शाळेत दाखवायचंय, कुठल्या पेपरात आलं होतं?" असे विचारताच तोच मुलगा मोबाइल चाळण्याचा अभिनय करू लागला. संदेशावरील दुहेरी बाणाची खूण, म्हणजे हा मजकूर पुष्कळ हातांतून आला आहे याची निशाणी, कशी दाखवायची हेही मुलांनी शिकून घेतले. पाठवणाऱ्याला तो मजकूर त्याचा स्वतःचा नाही एवढे तरी त्यावरून पटवता येते.

शेवटी त्याच मुलीने आपल्या गावच्या ग्रुपवर आलेली एक ध्वनिफीत ऐकवली. कोणी एक इसम, स्वतःचे नाव न सांगता, रात्री चोर फिरतात म्हणून लोकांना जागे राहायला सांगत होता. येथे चित्रशोध निरुपयोगी. आवाज कोणाचा, केव्हाचा, कोणत्या गावचा, काहीच ठरवता येईना, आणि मराठीत शब्द टाकून शोधूनही काही सापडले नाही. मुले 'खरे' आणि 'खोटे' यांच्यात घोटाळू लागली, तेव्हा फळ्यावर तिसरा रकाना आखला: 'अद्याप ठरलेले नाही'. त्या रकान्यातील मजकूर पुढे पाठवायचा नाही, आणि घरच्यांनी पोलीस ठाण्यात फोन करून खातरजमा करावी, असे वर्गाने एकमताने ठरवले. मुलीने तारखेसह ती ध्वनिफीत पहिली नोंद म्हणून वहीत उतरवली; ठाण्याचे उत्तर आले की समोरची जागा भरायची आहे.