पैशाचे आजचे मोल : लेखांक ७
गच्चीवर किती पॅनेल?

गोरेगाव पश्चिमेची एक सोसायटी समजा. सात मजले, दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे. अदानी इलेक्ट्रिसिटीचे सामाईक मीटरचे बिल वर्षाला २०,००० युनिटचे येते. कमिटीपुढे सौर पॅनेलची दोन कोटेशन आहेत, एक १० किलोवॉटचे, दुसरे २० किलोवॉटचे. गच्ची एकच, म्हणून दोन्हींपैकी एकच घ्यायचे. आकडे मी सोपे धरले आहेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ते वजा जाता लहान संच ५ लाखांना आणि मोठा १० लाखांना पडतो असे समजू.

मुंबईत एक किलोवॉट वर्षाला साधारण १,३०० युनिट देतो. लहान संचाची १३,००० युनिट सोसायटीतच खपतात. युनिटला १० रुपये वाचले आणि धुण्यापुसण्याचे १०,००० गेले, की हाती १ लाख २० हजार उरतात. मोठा संच २६,००० युनिट देतो, पण वापर २०,०००चाच. नेट मीटरिंगमध्ये उरलेली युनिट वर्षभर पुढे ओढता येतात. वर्षअखेरीला जी शिल्लक राहते तिला मात्र कमी दर मिळतो. तो ३ रुपये धरला आणि देखभालीचे १८,००० वजा केले, तर वर्षाची बचत बरोबर २ लाख होते. म्हणजे खर्च दुप्पट झाला, बचत दुप्पट झाली नाही.

परतफेड कालावधी काढायला कागदही लागत नाही. लहान संच ४ वर्षे २ महिन्यांत फिटतो, मोठा ५ वर्षांत. अंतर्गत परतावा दरही लहानाच्याच बाजूने बोलतो, २० वर्षांच्या हिशेबाने लहानाला सुमारे २३.७ टक्के आणि मोठ्याला १९.४. सभेत हे आकडे वाचले की लहान संच एकमताने मंजूर होतो.

आता निव्वळ वर्तमान मूल्य बघू. सोसायटीचा निधी एफडीत ७ टक्क्यांच्या आसपास कमावतो असे धरू. थोडी जोखीम मिळवून सवलतीचा दर ८ घेऊ. या दराने २० वर्षे दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाचे आजचे मोल ९ रुपये ८२ पैसे. त्याने बचतीला गुणून खर्च वजा केला, की लहान संच ६ लाख ७८ हजार देतो आणि मोठा ९ लाख ६४ हजार. इथे निकाल उलटला.

दोन पद्धती भांडल्या की मी नेहमी फरकाचा हिशेब मांडतो. मोठा संच म्हणजे लहान संच, अधिक वरचे ५ लाख. त्या वरच्या ५ लाखांवर वर्षाला ८० हजार मिळतात, म्हणजे २० वर्षांच्या हिशेबाने सुमारे १५ टक्के परतावा. हे १५ टक्के १९.४ मध्ये दडून बसले होते. २३.७ टक्के फक्त पहिल्या ५ लाखांवर मिळतात. दुसरे ५ लाख सोसायटीकडेच ठेवले तर ते एफडीत ७ टक्क्यांवर बसतील. परतावा दर टक्क्यांत बोलतो, रक्कम सांगत नाही. एकमेकांना वगळणाऱ्या प्रकल्पांत तो एकटा विचारला की फसवू शकतो. पैसे १५ टक्क्यांहून महाग मिळत असतील, तरच लहान संच खरोखर सरस.

पण या सगळ्यात मी २० वर्षे गृहीत धरली, आणि गोरेगावात तेच सर्वांत कच्चे गृहीतक आहे. मोतीलाल नगरसारखी म्हाडाची अख्खी वसाहत इथे पुनर्विकासाला निघाली आहे. तिशी ओलांडलेल्या कुठल्याही इमारतीत बिल्डरची चर्चा असतेच. समजा, ७ वर्षांत इमारत पाडली गेली. तेव्हा एका रुपयाचे मोल ५ रुपये २१ पैसेच उरते. लहान संच सुमारे सव्वा लाख देतो, मोठा जेमतेम ४१ हजार. पॅनेल काढून विकता येतात, पण जुन्या मालाचे काय येईल ते मी हिशेबात धरणार नाही.

मग किती वर्षांनी बाजू पालटते? वरचे ५ लाख साध्या भागाकाराने सव्वासहा वर्षांत फिटतात. ८ टक्के सवलत लावली की ९ वर्षे लागतात. परतफेड कालावधी असा, सवलत लावून आणि फक्त फरकाच्या रकमेवर काढला, तर तो खूप उपयोगी पडतो. पॅनेलची घटती क्षमता आणि दहा-बारा वर्षांनी बदलावा लागणारा इन्व्हर्टर मी सोडून दिला आहे. ते धरले की हा आकडा थोडा हलू शकतो.

त्यामुळे कमिटीने कोटेशन बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल उघडावा. ही इमारत आणखी दहा वर्षे उभी राहणार का, हे सभासदांना विचारावे. उत्तर 'हो' असेल तर २० किलोवॉट, 'सांगता येत नाही' असेल तर १०.

पुढच्या आठवड्यात : इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च मधेच आला की परतावा दराचे काय होते.