वाळू अपारदर्शक, मग कांच पारदर्शक कशी?

पुष्कळ वर्षांपूर्वीं नांदेडास गोदावरीच्या घाटावर एका विद्यार्थ्यानें ओंजळभर वाळू उचलून आम्हांस विचारलें, "गुरुजी, कांच वाळूची होते म्हणतां; मग वाळूंतून पलीकडचें कां दिसत नाहीं?" आम्हीं तत्काळ सांगितलें, "भट्टींतल्या उष्णतेनें तिचा गुणच पालटतो." तो गप्प बसला, परंतु आमचें उत्तर चुकीचें होतें.

खरें उत्तर स्वयंपाकघरांत मिळतें. खडीसाखरेचा स्वच्छ खडा उजेडासमोर धरा. त्यांतून उजेड आरपार येतो. तोच खलबत्त्यांत कुटा. पांढरें, अपारदर्शक पीठ होतें. साखर तीच, वाढले ते केवळ पृष्ठभाग. हवेंतून खड्यांत किंवा खड्यांतून हवेंत जातांना प्रत्येक पृष्ठभागावर शंभरांतला निदान चार भाग प्रकाश परत फिरतो. पन्नास कण ओलांडावयाचे म्हणजे शंभर पृष्ठभाग झाले. तेवढ्यांतून सरळ पलीकडे दोन भागही पोंचत नाहींत. बाकीचा इतस्ततः विखुरतो, म्हणून पीठ पांढरें दिसतें. त्या पिठांत गोडें तेल घाला. तें बरेंच पारभासक होईल. कारण तेलाची प्रकाश वळविण्याची शक्ति साखरेच्या जवळपास असते, व कणांमधील हवा निघून जाते. घाटावरील ओली वाळू कोरडीपेक्षां गडद दिसते, तीही ह्याच कारणानें.

गारगोटीचा शुद्ध कण मूळचाच पारदर्शक असतो. त्यांतील इलेक्ट्रॉन इतके घट्ट बांधलेले असतात कीं, दृश्य प्रकाशाच्या शक्तीनें ते हलत नाहींत व प्रकाश शोषला जात नाहीं. भट्टी एवढेंच करते कीं, कण वितळवून एकजीव करते. नुसती गारगोटी वितळण्यास १,७०० अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्णता लागते. सोडा घातल्यानें ती कमी पुरते. पण नुसत्या सोड्याची कांच पाण्यांत विरघळते, म्हणून चुनाही घालावा लागतो. शंभर पृष्ठभागांचे शेवटीं दोनच उरतात, व तावदानांतून शंभरांतला सुमारें ब्याण्णव भाग प्रकाश पार होतो. रसांत बुडबुडे राहिले, किंवा निवतांना स्फटिक धरले, तर आंत पुन्हां पृष्ठभाग उत्पन्न होऊन कांच दुधी होते.

मग गोदावरीच्या वाळूची स्वच्छ कांच होईल काय? नाहीं. नांदेड-लातूरकडील नद्या काळ्या पाषाणाचा चुरा वाहून आणतात, आणि त्यांतील लोह प्रकाश खरोखरच शोषतें. हा दोष वितळवून जात नाहीं. कांच गडदच होते. लोहाचा लेशही लपत नाहीं: साध्या तावदानाची कड आडवी धरून पाहावी, ती हिरवट दिसते. म्हणूनच कांचकारखान्यांस पांढरी, लोहरहितप्राय वाळू शोधावी लागते.

पूर्वीं घरोघरीं असलेल्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची कांच फुटून तिचा चुरा झाला, तर तोही पांढराच दिसे. भट्टीची उलट क्रिया ती हीच! तो विद्यार्थी आज भेटता, तर आम्हीं त्यास म्हटलें असतें, "बाळ, वाळूंतला एकच शुभ्र कण निवड आणि त्यांतून पाहा."