सायकल पुढे, मोटारसायकल मागे: गाठ कुठे पडेल?

सकाळी ६ वाजता धाकटा भाऊ कोल्हापुरातून सायकलवर सांगलीला निघाला. साडेसातच्या सुमारास ताई बघते तर त्याचा मोबाइल आणि पैशांचं पाकीट दोन्ही टेबलावरच राहिलेलं. आता फोन करून त्याला थांबवायची सोय नाही. ताईने लगेच मोटारसायकल काढली. समजा, भाऊ ताशी १५ किलोमीटरने चालला आहे, ताई ताशी ४५ किलोमीटरने जाणार आहे आणि रस्ता दोघांचा एकच आहे. ती त्याला किती वाजता गाठेल, आणि कुठे?

हे गणित घातलं की वर्गातून पहिलं उत्तर बहुतेक वेळा असं येतं: दीड तासात भाऊ साडेबावीस किलोमीटर पुढे गेला. ताईला तेवढं अंतर कापायला अर्धा तास लागेल, म्हणजे ८ वाजता गाठ पडेल. ऐकायला बरोबर वाटतं. पण ८ वाजता ताई साडेबाविसाव्या किलोमीटरवर पोचते तेव्हा तिथे भाऊ नसतो. तो तिथे साडेसातला होता. त्या अर्ध्या तासात तो आणखी साडेसात किलोमीटर पुढे सरकलेला असतो.

मग ते साडेसात किलोमीटर कापायला ताईला आणखी १० मिनिटं लागतात. त्या १० मिनिटांत भाऊ अडीच किलोमीटर पुढे. ते कापायला सव्वातीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ, तोवर तो पुन्हा पुढे. असं करत बसलं तर हिशोब संपतच नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात झेनो या ग्रीक तत्त्वज्ञाने याच जागी बोट ठेवलं होतं: वेगवान धावपटू पुढे असलेल्या कासवाच्या जागी पोचतो, तोवर कासव थोडं पुढे गेलेलं असतं, मग तो त्याला गाठणार कधी? आपल्या उदाहरणात प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या एक तृतीयांश आहे. ३० मिनिटं, मग १०, मग ३ पूर्णांक एक तृतीयांश. टप्पे कितीही घेतले तरी त्यांची बेरीज ४५ मिनिटांच्या पुढे जात नाही, आणि जितके जास्त घ्याल तितकी ती ४५च्या जवळ जाते. टप्पे अनंत असले तरी वेळ मोजकाच आहे.

पण उत्तर काढायला एवढ्या लांबून जायची गरज नाही. दोन गाड्यांकडे बघायचं सोडून त्यांच्यामधल्या अंतराकडे बघायचं. एका मिनिटात ताई ७५० मीटर जाते, भाऊ २५० मीटर जातो. म्हणजे मधलं अंतर दर मिनिटाला ५०० मीटरने कमी होतं. साडेसातला ते अंतर २२,५०० मीटर होतं. २२,५०० भागिले ५००, उत्तर ४५ मिनिटं. सव्वाआठला गाठ पडणार. ४५ मिनिटांत ताई ३३.७५ किलोमीटर गेलेली असेल. हातकणंगले मागे पडलेलं, जयसिंगपूर अजून यायचं.

ताळा भावाच्या बाजूने करायचा. ६ ते सव्वाआठ म्हणजे सव्वादोन तास, ताशी १५ प्रमाणे ३३.७५ किलोमीटर. दोन्ही बाजूंनी एकच जागा आली तरच उत्तर बरोबर. हा ताळा मी मुलांना न चुकता करायला लावते, कारण इथली चूक बहुधा आकडेमोडीत नसते, ती घड्याळात असते. समीकरण मांडणारा भाऊ निघाल्यापासूनचा वेळ मोजतो, उत्तर सव्वादोन तास असं अगदी बरोबर काढतो, आणि ते सव्वादोन तास ताईच्या साडेसातमध्ये मिळवून पावणेदहा लिहितो. पावणेदहापर्यंत ताई शंभर किलोमीटरच्या वर गेलेली असेल आणि सांगली केव्हाच मागे पडलेली असेल. ताळा केला की हे तिथल्या तिथे दिसतं.

मधल्या अंतराला वेगांच्या फरकाने भागायचं, ही रीत आर्यभटाने ‘आर्यभटीय’च्या गणितपादात दिली आहे. ग्रंथ इसवी सन ४९९च्या सुमाराचा. एकाच दिशेने जाणारे असतील तर अंतराला गतींच्या वजाबाकीने भागा, समोरासमोरून येणारे असतील तर बेरजेने. भागाकार म्हणजे भेटीची वेळ, होऊन गेलेली किंवा व्हायची. ‘होऊन गेलेली’ हे त्याने आवर्जून म्हटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ग्रह पुढे-मागे कसे आहेत हे बघताना वेगवान ग्रह आधीच पुढे निघून गेलेला असू शकतो. मग तोच भागाकार मागे मोजायचा.

या रीतीतून एक सोपा आडाखा हाताशी येतो. मागचा पुढच्याच्या तिप्पट वेगाने जात असेल, तर पुढच्याला जेवढा वेळ आधी मिळाला त्याच्या निम्म्या वेळात तो त्याला गाठतो. इथे दीड तासाचे पाऊण तास झाले. वेग दुप्पट असेल तर जेवढा वेळ आधी मिळाला तेवढाच वेळ पाठलागाला लागतो. मग ते १५ आणि ४५ असोत की ५ आणि १५, उत्तर बदलत नाही.

प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र भाऊ काही ठरवून ताशी १५ने जात नाही. तो १६ने गेला असेल तर काय होईल? दीड तासात तो २४ किलोमीटर पुढे, फरक ताशी २९, म्हणजे साधारण ५० मिनिटं. गाठ पाचेक मिनिटांनी लांबली आणि साडेतीन किलोमीटर पुढे सरकली. फार बिघडलं नाही. पण ताईऐवजी एखादा मित्र सायकलवरच ताशी १८च्या वेगाने निघाला असता, तर हाच एक किलोमीटरचा फरक भारी पडला असता. भाऊ १५ने चालला असेल तर मित्राला साडेसात तास लागतील, १६ने चालला असेल तर पूर्ण १२ तास. वेगांमधला फरक जितका लहान, तितकी अंदाजातली छोटी चूक उत्तरात फुगून येते. म्हणून वेग सरासरीचा घ्यायचा. मोटारसायकलचा काटा ४५ दाखवत असला तरी हातकणंगल्याच्या गर्दीतून जाताना सरासरी खाली येतेच.

कुणी मध्ये थांबला तर हिशोबाचे तुकडे करायचे. समजा भाऊ ८ वाजता ३०व्या किलोमीटरवर चहाला थांबला. तेव्हा मधलं अंतर साडेसात किलोमीटर. आता पुढचा थांबलेला आहे, म्हणून ते ताईच्या पूर्ण वेगाने मिटतं. १० मिनिटांत, म्हणजे ८ वाजून १० मिनिटांनी, ती चहाच्या टपरीपाशी हजर. उलट तिचीच गाडी सुरू व्हायला २० मिनिटं लागली, तर भाऊ तेवढ्या वेळात ५ किलोमीटर आणखी पुढे जातो. मग साडेसत्तावीस किलोमीटर मिटायला ५५ मिनिटं, आणि गाठ पावणेनऊला ४१.२५ किलोमीटरवर.

आणि रस्ता तरी कुठे न संपणारा आहे? कोल्हापूर ते सांगली अंतर ४८ किलोमीटर धरलं, तर भाऊ न थांबता ९ वाजून १२ मिनिटांनी पोचतो. ४८ किलोमीटरला ताईला ६४ मिनिटं लागतात. म्हणजे ती ८ वाजून ८ मिनिटांच्या आत घरातून निघाली तरच त्याला रस्त्यात गाठेल. त्यानंतर निघाली, तर पाकीट सांगलीतच द्यावं लागेल.