पावती आणि आभार : वार्तापत्रातली 'देणगी' कुठे ठेवायची, कुठे बदलायची

संस्थांच्या लेखनाबद्दलच्या या व्याख्यानात आज आपण एकच छोटा परिच्छेद हातात घेणार आहोत. वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर, नावांच्या यादीच्या वर, जो आभाराचा मजकूर असतो, तो. त्यात 'देणगी' आणि 'भेट' हे शब्द काढून 'योगदान', 'पाठबळ' आणि 'औदार्य' हे शब्द घालावेत, असा सल्ला हल्ली बऱ्याच ठिकाणी दिला जातो. सल्ला चांगला आहे. पण शब्द नुसते उचलून घातले तर वाक्य खोटं तरी होतं किंवा पोकळ तरी. म्हणून प्रत्येक शब्द नेमकं काय सांगतो, ते आधी पाहू.

सुरुवात जुन्या शब्दांपासून करू. 'देणगी' या शब्दात काहीही वाईट नाही. तो स्वच्छ आहे आणि सगळ्यांना कळतो. पण तो एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या वस्तूचं नाव आहे. देणगी दिली, मिळाली, पावती फाडली, विषय संपला. पुढे त्या पैशाचं काय झालं, हे त्या शब्दात येतच नाही. 'भेट' या शब्दाची अडचण वेगळी आहे. मराठीत भेट म्हणजे दिलेली वस्तू आणि भेट म्हणजे गाठ पडणंही. 'आपल्या भेटीबद्दल आभार' असं छापलं, तर वाचणाऱ्याला वाटतं, मी तर संस्थेत कधी गेलोच नाही! इंग्रजीतल्या मूळ मजकुरावरून मराठी वार्तापत्र तयार होतं तेव्हा हा घोटाळा हमखास होतो.

'दान' हा शब्द तर आणखी जुनं ओझं घेऊन येतो. त्यात पुण्य आलं, सत्पात्र आलं, देणाऱ्याचा वर असलेला हात आला. रक्तदान, नेत्रदान, श्रमदान या शब्दांत ते ओझं उरलेलं नाही, कारण ते शब्द आता कामांची नावं झाले आहेत. पैशाच्या बाबतीत मात्र ते जाणवतं. विनोबांपुढे १९५१ मध्ये भूदानाच्या वेळी हाच प्रश्न होता. त्यांनी शब्द बदलला नाही, अर्थ बदलला. दान म्हणजे उपकार नव्हे, दान म्हणजे वाटून घेणं, असं ते गावोगावी सांगत राहिले. पण त्यांच्यापाशी रोजची सभा होती. आपल्यापाशी शेवटच्या पानावरच्या आठ ओळी आहेत. तेवढ्या जागेत शब्दाचा अर्थ बदलता येत नाही, म्हणून आपण शब्द बदलतो.

आता नवे तीन शब्द.

'योगदान' हा शब्द देणाऱ्याला कामाच्या आत आणतो. देणगी 'संस्थेला' असते, योगदान 'कामात' असतं. विभक्ती बदलली की चित्र बदलतं, बघा. म्हणूनच या शब्दाची एक अट आहे : कोणत्या कामात, ते सांगावंच लागतं. 'आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल आभार' हे वाक्य सत्काराच्या मानपत्रात आणि शोकसभेच्या ठरावात इतकं वापरलं गेलं आहे की त्याचा अर्थ पार झिजला आहे. काम सांगितलं नाही तर योगदान हा 'देणगी'पेक्षाही रिकामा शब्द ठरतो.

'पाठबळ' या शब्दात काळ आहे. एकदाच कोणी पाचशे रुपये दिले, तर त्याला पाठबळ म्हणणं जरा ताणलेलं वाटतं. दर वर्षी, दर महिन्याला जो उभा राहतो, त्याच्यासाठी हा शब्द आहे. काही जण इथे 'सहकार्य' वापरतात. पण 'सहकार्याबद्दल धन्यवाद' ही पाटी आपण रस्ता खोदलेला असतो तिथे रोज वाचतो, त्यामुळे ती वाचून कोणाला आभार मानल्यासारखं वाटत नाही. 'आधार' हा शब्दही सुंदर होता, पण आता 'आपला आधार' म्हटलं की आधी कार्ड आठवतं.

'औदार्य' हा तिन्हींतला सगळ्यात जपून वापरायचा शब्द. योगदान आणि पाठबळ ही कृतीची नावं आहेत, औदार्य हे माणसाच्या गुणाचं नाव आहे. रक्कम पाहून तो वाटू नये. यादीतल्या सगळ्यात मोठ्या आकड्यापुढे 'औदार्य' आणि बाकीच्यांना 'योगदान' असं लिहिलं की लहान रक्कम देणाऱ्याला त्याची जागा दाखवल्यासारखं होतं. शिवाय ज्यांच्यासाठी संस्था चालते तेही हे वार्तापत्र वाचतात, हे विसरू नये. एकाचं औदार्य फार उंच केलं की दुसरा आपोआप खाली जातो.

आता एक नमुना घेऊ. संस्था आणि आकडे कल्पित आहेत, मजकुराचा साचा मात्र तुमच्या ओळखीचा असेल. समजा, तालुक्याच्या गावात मुलींचं एक वसतिगृह आहे. त्यांच्या वार्तापत्रात असं छापलेलं आहे :

'या तिमाहीत ज्या देणगीदारांनी संस्थेस देणगी दिली, त्या सर्व देणगीदारांच्या बहुमोल देणगीबद्दल संस्था त्यांची शतशः ऋणी आहे. आपल्या देणगीमुळे गरीब व गरजू मुलींना मदत झाली. यापुढेही अशीच सढळ हस्ते देणगी द्यावी, ही नम्र विनंती.'

तीन वाक्यांत 'देणगी' सहा वेळा आली आहे. पण खरी अडचण पुनरुक्तीची नाही. सहाही ठिकाणी 'योगदान' घातलं तरी मजकूर तितकाच मुका राहील. कारण त्यात कोणतं काम झालं तेच नाही. म्हणून शब्द बदलण्याआधी हिशेबनीसाकडून तीन गोष्टी मागवायच्या : खर्च कशावर आणि किती झाला, त्यातला किती भाग देणाऱ्यांच्या पैशातून आला, आणि देणाऱ्यांपैकी किती जण नेहमीचे आहेत.

समजा, उत्तर असं आलं. वसतिगृहात ४० मुली, जेवणाचा खर्च मुलीमागे महिन्याला २,४०० रुपये. तीन महिन्यांचे झाले २ लाख ८८ हजार. त्यांतले १ लाख ८० हजार देणग्यांतून आले, बाकीचे संस्थेच्या इतर उत्पन्नातून. आता 'तुमच्या योगदानामुळे ४० मुली जेवल्या' हे वाक्य फार मोहात पाडतं, पण ते खरं नाही. १ लाख ८० हजारांत २५ मुलींचं तीन महिन्यांचं जेवण होतं. योगदान म्हणजे वाटा, आणि वाटा म्हटला की पूर्ण रक्कम आणि तिच्यातला भाग दोन्ही सांगायला हवेत. मग मजकूर असा होतो :

'जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत वसतिगृहातल्या ४० मुलींच्या जेवणावर २ लाख ८८ हजार रुपये खर्च झाले. त्यांतले १ लाख ८० हजार तुमच्या योगदानातून आले. तुमच्यापैकी ३१ जणांचं हे सलग तिसरं वर्ष. या पाठबळाच्या भरवशावर जूनमध्ये सहा नव्या मुलींना प्रवेश देता आला. ऑगस्टच्या पावसात बाजाराचा रस्ता बंद होता, तेव्हा शेजारच्या वस्तीतल्या तीन घरांनी चार दिवस भाजी चालत आणून दिली. हे औदार्य मुली विसरलेल्या नाहीत.'

इथे तिन्ही शब्द एकेकदाच आले आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचं काम आहे. 'औदार्य' पैसे देणाऱ्यांकडे गेलंच नाही, ते वस्तीतल्या तीन घरांकडे गेलं. 'गरीब व गरजू' हे शब्द गळून पडले आणि कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. आणखी एक बारीक गोष्ट. आम्ही इथे 'आपल्या' ऐवजी मुद्दाम 'तुमच्या' लिहिलं. 'आपण' म्हणजे आदरार्थी तुम्ही, आणि 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही मिळूनही. 'आपल्या योगदानातून' म्हटलं की योगदान नेमकं कोणाचं, हे संदिग्ध राहतं. पैशाच्या वाक्यात संदिग्धता नको.

आता मर्यादा. ही सगळी अदलाबदल फक्त आभारापुरती आहे. पावतीवर 'देणगी' हाच शब्द राहिला पाहिजे. योगदान वेळेचं असतं, श्रमाचं असतं, तांदळाच्या पोत्याचंही असतं. आयकरातली सवलत मात्र पैशाच्या देणगीलाच मिळते, वस्तूला मिळत नाही, आणि २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीलाही मिळत नाही. संस्थेला वर्षाच्या देणग्यांचं विवरण भरावं लागतं आणि त्यावरून निघालेलं प्रमाणपत्र देणाऱ्याला द्यावं लागतं. त्या कागदांवर गोड शब्दांना जागा नाही. वार्तापत्राच्या यादीत तांदूळ देणारा, दर शनिवारी गणित शिकवणारा आणि पैसे देणारा हे तिघे 'योगदान' या एकाच मथळ्याखाली खुशाल यावेत. पण त्याच मथळ्याखाली 'करसवलत उपलब्ध' असं छापलं, तर तांदूळवाला प्रमाणपत्र मागायला येणार, आणि त्यात त्याची चूक नसेल.

दुसरी मर्यादा कायम निधीची. कोणी स्पष्ट लिहून दिलं असेल की ही रक्कम कायम निधीत ठेवा, तर मुद्दल ठेवायचं असतं आणि त्याचं उत्पन्न वापरायचं असतं. त्या माणसाला 'तुमच्या योगदानातून या तिमाहीचं जेवण झालं' असं कळवणं म्हणजे मुद्दल खर्चल्याची कबुली दिल्यासारखं आहे. त्याला 'तुमची ठेव कायम राहील, तिच्या व्याजाचं पाठबळ दर वर्षी मिळेल' असं लिहावं. ग्रंथालयासाठी दिलेल्या पैशाचंही तेच. त्याचे आभार 'संस्थेच्या सर्व कार्यातील योगदानाबद्दल' मानले, तर हेतूच बदलला जातो. देणारा ते शब्द लक्ष देऊन वाचतो.

मजकूर छापायला देण्यापूर्वी एक साधी परीक्षा करता येते. परिच्छेदातून संस्थेचं नाव झाका आणि वाचा. तो दुसऱ्या कुठल्याही संस्थेला चालत असेल, तर शब्द बदलले आहेत, आभार अजून मानायचे राहिले आहेत. मग परत हिशेबनीसाकडे जायचं आणि विचारायचं, या पैशाचं काय झालं ते सांगा.