झालेलं काम ‘झालं’ कोण म्हणणार?

किराणा दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी पाच जणांची एक कंपनी डोळ्यांसमोर आणा. तिघं प्रोग्रॅमर, एक दुकानदारांचे फोन घेणारी, एक विक्री आणि डिझाइन सांभाळणारा. सुरुवातीला सगळी कामं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर चालतात. मग एखादी तक्रार इतर संदेशांखाली गाडली जाते आणि कामांची नोंद ठेवणारा ट्रॅकर हवा असं ठरतं. ट्रेलोसारखा साधा बोर्ड, जिरासारखी भारदस्त व्यवस्था, की कोड जिथे ठेवलाय त्या गिटहबवरचीच इश्यूंची यादी?

निवड करताना बहुतेक जण सुविधा मोजतात. मला वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: काम संपल्यावर त्याची नोंद कोण करणार?

एक तक्रार घेऊ. दुकानदार म्हणतो, बिलाच्या बेरजेत एक रुपया जास्त येतो. कारण असं, की प्रत्येक वस्तूचा जीएसटी आधी पूर्ण रुपयांत आणला जातो आणि मग बेरीज होते.

ट्रेलोवर फोन घेणारी बिलाचा फोटो लावून ‘करायचं’ या रकान्यात कार्ड टाकते. प्रोग्रॅमर ते ‘चालू’मध्ये ओढतो, कोड दुरुस्त करतो आणि पुढच्या कामाला लागतो. कार्ड ‘झालं’मध्ये न्यायचं राहून जातं, कारण त्याचं काम दुसऱ्याच खिडकीत संपलेलं असतं. चार दिवसांनी दुकानदार पुन्हा विचारतो, तेव्हा बोर्ड ‘चालू’च दाखवतो. मग ती बोर्ड न बघता थेट प्रोग्रॅमरला फोन लावते. असे फोन नेहमीचे झाले की बोर्ड कोणी भरतही नाही.

गिटहबवर हीच तक्रार इश्यू म्हणून नोंदवली तर तिला क्रमांक मिळतो, समजा 87. दुरुस्ती मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, पाठवताना प्रोग्रॅमर तिच्या वर्णनात एवढंच लिहितो:

```
Fixes #87
```

दुरुस्ती मुख्य शाखेत मिसळली की इश्यू आपोआप बंद होतो. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. शिवाय वर्षभरानं नवा प्रोग्रॅमर विचारेल की रुपयांत आणणं शेवटी का केलंय, तेव्हा कोडच्या त्या ओळीवरून तो थेट दुकानदाराच्या बिलाच्या फोटोपर्यंत पोचतो. लहान कंपनीत माणसं लवकर बदलतात, म्हणून हा धागा मला फार मोलाचा वाटतो.

याला मर्यादा आहेत. मुख्य शाखा सोडून दुसऱ्या शाखेत दुरुस्ती मिसळली तर ही ओळ इश्यू बंद करत नाही. आणि इश्यू बंद झाला म्हणजे दुरुस्ती दुकानात पोचली असंही नाही. नवी आवृत्ती अजून बाहेर पडायची असते. त्यासाठी प्रत्येक आवृत्तीचा एक माइलस्टोन करून इश्यू त्याला जोडावेत, आवृत्ती बाहेर पडली की तो बंद करावा आणि दुकानदाराला त्यानंतरच कळवावं. खासगी रेपॉझिटरीतले इश्यू दाखवायचे तर कोडही दिसतो. ते नको असेल तर तक्रारींसाठी वेगळी रेपॉझिटरी काढता येते. मग क्रमांकाआधी तिचं पूर्ण नाव लिहावं लागतं. कोड न लिहिणाऱ्यांना ही जागा परकी वाटते, त्यांच्यासाठी तीन प्रश्नांचा फॉर्म करून द्यावा: काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं.

जिरा 2002 पासून आहे आणि दहा जणांपर्यंत फुकट मिळतं, त्यामुळे मोह होतो. कोडशी जोडलं की तेही कामाची स्थिती आपोआप बदलू शकतं. पण तिथे टप्पे, परवानग्या, सक्तीचे रकाने कोणीतरी आखावे आणि सांभाळावे लागतात. पाच जणांत हे काम संस्थापकावर येतं. स्प्रिंटचे आलेखही टीम स्थिर असेल तरच काही सांगतात. अनेक टीम एकमेकींच्या कामावर अडू लागल्या, किंवा कोणत्या बदलाला कोणी मंजुरी दिली याचा पुरावा मोठा ग्राहक मागू लागला, की जिरा घ्यावं. त्याआधी नको.

ट्रेलो वाईट नाही. दुकानात यंत्र बसवणं, विक्री, भरती अशी कोडबाहेरची कामं जास्त असतील तर तेच योग्य, कारण तिथे काम संपवणारा आणि कार्ड हलवणारा एकच असतो. रकान्यांचा बोर्ड हवा एवढंच कारण असेल, तर गिटहबच्या प्रोजेक्ट्समध्ये इश्यू तसेही मांडता येतात.

तुमच्याकडे आधीच एखादा ट्रॅकर असेल, तर बदलण्याआधी नुकतीच संपलेली दहा कामं काढा आणि प्रत्येक काम खरं कधी संपलं व ट्रॅकरवर कधी संपलं ते शेजारी लिहा. तारखा जुळत असतील तर आहे तोच ठेवा. दुसरीकडे जाताना शीर्षकं आणि वर्णनं सहज नेता येतात, पण चर्चा, फोटो आणि कोडशी जुळलेले दुवे बरेचदा मागेच राहतात.