काळ्या स्क्रीनचा मॅक आणि शेजारचा मॅक

मॅकवर मोठं अपडेट चालू असताना मध्येच एक टप्पा असा येतो की स्क्रीन पूर्ण काळी होते. ॲपलचा लोगो नाही, पुढे सरकणारी पट्टी नाही, पंख्याचा आवाज नाही. हा टप्पा काही वेळा बराच लांबतो, आणि नेमका इथेच माणसाचा धीर सुटतो. 'हँग झालाय' असं म्हणून तो पॉवरचं बटण दाबून धरतो. मॅक मिनी किंवा आयमॅक असेल तर धीर सुटायचीही गरज नाही. त्यांना बॅटरी नसते, त्यामुळे यूपीएस नसेल तर वीज गेली की काम तिथेच संपतं.

आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका आर्किटेक्ट ताईंच्या एम-१ मॅकबुक एअरचं असंच झालं. बटण सोडल्यावर त्यांनी पुन्हा दाबलं, तर एका गोलात उद्गारचिन्ह आणि त्याखाली `support.apple.com/mac/restore` हा पत्ता. पत्त्यातला शेवटचा शब्द वाचून त्यांच्या पोटात गोळा आला. आत चालू प्रकल्पाचे नकाशे होते, आणि शेवटचा बॅकअप कधी घेतला हे त्यांना आठवत नव्हतं.

अशा वेळी आधी एक गोष्ट समजून घ्यावी. अपडेट अर्धवट राहिलं म्हणजे सगळंच अर्धवट राहिलं असं नसतं. २०२० साली आलेल्या बिग सरपासून मॅकओएसचा मूळ भाग सीलबंद ठेवला जातो. नवी आवृत्ती वेगळी तयार होते आणि तयारी पुरी झाल्यावरच मॅक तिच्याकडे वळतो. या कामात व्यत्यय आला तर सहसा जुनीच आवृत्ती उघडते आणि मॅक पुन्हा अपडेट मागतो. खरा नाजूक भाग असतो फर्मवेअरचा, म्हणजे बटण दाबल्यावर मॅकओएसच्याही आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा.

ॲपलने स्वतःची चिप बसवलेल्या मॅकमध्ये हे प्रोग्रॅम एकामागून एक उठतात. सगळ्यांत आधी बूट रॉम. तो चिप बनतानाच तिच्यात कोरलेला असतो. तो पुढच्या प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासतो आणि ती बरोबर असेल तरच त्याला चालू करतो. तो प्रोग्रॅम त्याच्या पुढच्याची सही तपासतो, आणि अशी साखळी मॅकओएसपर्यंत पोचते. यातला एखादा दुवा लिहिला जात असताना वीज तुटली तर तो अर्धाच लिहिला जातो. मग सही जुळत नाही आणि साखळी तिथेच थांबते. बिघाड झाला म्हणून मॅक बंद पडला असं आपल्याला वाटतं. पण अर्धवट प्रोग्रॅम चालवायचा नाही, हा नियम तो पाळत असतो.

जमेची बाजू अशी की बूट रॉमवर काहीच लिहिता येत नाही, त्यामुळे अपडेटमध्ये तो बिघडूही शकत नाही. पुढे कुणीच धड नसलं तरी तो यूएसबीच्या तारेवरून दुसऱ्या मॅकशी बोलू शकतो. या अवस्थेला डीएफयू मोड म्हणतात, आणि बाहेरून मॅकच्या आत शिरायची एवढी एकच वाट उरलेली असते. इंटेलच्या जमान्यात इन्स्टॉलर भरलेला पेनड्राइव्ह लावून मॅक चालू करता यायचा. नव्या मॅकमध्ये बाहेरच्या डिस्कवरून चालू व्हायचं असलं तरी त्याची परवानगी आतल्याच स्टोरेजवर नोंदलेली असते आणि ती वाचायला आधीची साखळी शाबूत लागते. डिस्क काढून दुसरीकडे वाचावी, हाही मार्ग बंद आहे. स्टोरेज त्या मॅकच्या चिपमधल्या किल्लीने कुलूपबंद असतं आणि ती किल्ली चिपबाहेर येत नाही. म्हणून डेटा हवा असेल तर तोच मॅक, त्याच चिपसह, उठवावा लागतो.

दुसरा मॅक शोधण्याआधी थोडा वेळ तपासणीला द्यावा. चार्जर लावून अर्धा तास ठेवा, कारण नुसती बॅटरी उतरलेली असली तरी स्क्रीन काळीच दिसते. मग पॉवरचं बटण दाबून धरा. 'Loading startup options' असं काही दिसलं तर रिकव्हरी जिवंत आहे. तिथून मॅकओएस पुन्हा चढवता येतं, फाइल्स जागच्या जागी राहतात आणि पुढचा सगळा खटाटोप टळतो. ताईंच्या मॅकवर बटण धरून ठेवलं तरी उद्गारचिन्ह हललं नाही. तेव्हा त्यांनी भाचीचा मॅकबुक मागवला.

मदतीला येणाऱ्या मॅकवर सोनोमा, म्हणजे मॅकओएस १४, किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर वेगळं काही घ्यावं लागत नाही, फाइंडरच हे काम करतो. जुनी आवृत्ती असेल तर ॲप स्टोअरमधून ॲपल कॉन्फिगरेटर फुकट उतरवता येतो. हा मॅक चार्जरला लावलेला हवा आणि मध्येच झोपी जाणार नाही अशी सोय हवी. इंटरनेटही बऱ्यापैकी लागतं, कारण ॲपलकडून फर्मवेअरची जी फाइल उतरते ती दहा जीबीच्या पुढे जाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसाल तर दिवसाचा डेटा संपून काम अर्ध्यावर अडकेल. फाइल आधीच उतरवून ठेवली तरी इंटरनेट लागतंच. प्रत्येक वेळी आजारी मॅकच्या चिपचा क्रमांक ॲपलच्या सर्व्हरकडे जातो आणि त्या एका मॅकपुरती मंजुरी परत येते. ऑफिसच्या नेटवर्कने ॲपलचे सर्व्हर अडवलेले असतील तर गाडं इथेच रुततं.

सगळ्यांत जास्त लोक फसतात ते तार आणि पोर्ट यांत. यूएसबी-सीची तार चार्जिंग आणि डेटा अशी दोन्ही वाहून नेणारी हवी. चार्जरसोबत आलेली साधी तार चालते, आणि महागडी थंडरबोल्ट ३ तार चालत नाही. हब किंवा अडॅप्टर मध्ये नको. आजारी मॅकच्या कुठल्याही पोर्टला तार लावूनही भागत नाही, डीएफयूसाठी एकच पोर्ट ठरलेला असतो. एम-१ एअरला डाव्या बाजूला दोन पोर्ट आहेत, त्यांतला स्क्रीनच्या बिजागरीकडचा हा तो. इतर मॉडेलमध्ये जागा बदलते, काही नव्या मॅकबुक प्रोमध्ये तर उलट टोकाचा पोर्ट लागतो. म्हणून आपल्या मॉडेलचा पोर्ट ॲपलच्या मदत पानावर पाहून घ्यावा. मदत करणाऱ्या मॅकचा कुठलाही पोर्ट चालतो.

आता बटणांची कसरत. लॅपटॉपवर पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी उजवीकडची शिफ्ट, डावीकडची कंट्रोल आणि डावीकडची ऑप्शन या तिन्ही कळा दाबायच्या. शिफ्ट उजवीकडचीच हवी, सवयीने बोट डावीकडे जातं. साधारण दहा सेकंदांनी तिन्ही कळा सोडायच्या, पण पॉवरचं बटण मात्र धरूनच ठेवायचं, दुसऱ्या मॅकवर खिडकी उघडेपर्यंत. मॅक मिनीसारख्या डेस्कटॉपला हा खटाटोप नाही. विजेची तार दहा सेकंद काढून ठेवायची, पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि धरलेलं असतानाच तार परत लावायची.

आजारी मॅकवर या वेळी काहीही दिसत नाही. जमलं तरी स्क्रीन काळी, नाही जमलं तरी काळी. म्हणून नजर दुसऱ्या मॅकवर ठेवावी.

"मावशी, तुझ्यावर ॲपलचा लोगो आला. म्हणजे चुकलं, परत कर," भाची म्हणाली.

लोगो किंवा ते उद्गारचिन्ह दिसलं तर कळा उशिरा दाबल्या गेल्या किंवा पॉवर लवकर सुटली, एवढाच त्याचा अर्थ. मॅक बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, त्यात नुकसान काही नाही. दोघींना वेळ जमायला काही खेपा लागल्या. मग भाचीच्या स्क्रीनवर ॲक्सेसरी जोडू द्यायची का, असं विचारणारी चौकट आली. तिला परवानगी दिल्यावर फाइंडरमध्ये डीएफयू मोडमधला मॅक दिसू लागला.

तिथे दोन बटणं असतात, `Revive Mac` आणि `Restore Mac`. पहिलं बटण फर्मवेअर आणि रिकव्हरी नव्याने लिहितं. तुमच्या फाइल्स, ॲप, पासवर्ड यांना ते हात लावत नाही. दुसरं बटण सगळं पुसून कोरा मॅक हाती देतं, आणि कूटबद्ध डेटाच्या किल्ल्याही त्यात जातात, म्हणजे पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत गेलात तरी काही निघणार नाही. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखी ठेवणं मला तरी बरं वाटत नाही. उद्गारचिन्हाखालच्या पत्त्यात 'restore' लिहिलेलं असल्यामुळे घाबरलेला माणूस तेच दाबायची शक्यता अधिक. आधी नेहमी `Revive Mac`, आणि ते पुन्हा पुन्हा फसलं तरच दुसऱ्याचा विचार.

ताईंनी पहिलं दाबलं. फाइल उतरायला संध्याकाळ गेली, लिहिण्याचं काम त्यामानाने झटपट झालं. लिहिताना आजारी मॅकवर लोगो आणि पट्टी दिसते, मध्येच नाहीशी होते, पुन्हा येते. 'गेला' असं समजून तार ओढायची नाही, दुसऱ्या मॅकवर काम संपल्याचं येईपर्यंत तिला हातही लावायचा नाही. शेवटी ताईंचा मॅक आपणहून चालू झाला, पण थेट डेस्कटॉपवर न जाता रिकव्हरीत आला आणि त्याने पासवर्ड विचारला. मॅकओएसचं अपडेटही अर्ध्यावर होतं, ते तिथूनच पुन्हा चढवलं. डिस्क पुसण्याचा पर्याय मध्ये दिसतो, तो अर्थातच टाळला. नकाशे जसेच्या तसे मिळाले.

काम मध्येच अडून चूक दाखवली तर आधी तार, मग पोर्ट, मग नेटवर्क असं तपासत जावं. मदतनीस मॅकची मॅकओएसही ताजी हवी. आजारी मॅक नव्या मॉडेलचा असेल तर जुन्या मॅकला तो ओळखूच येत नाही. पोर्ट योग्य, तार योग्य, वेळ जमली, तरीही डीएफयूमध्ये मॅक दिसतच नसेल तर दोष फर्मवेअरचा नसून बोर्डाचा किंवा पोर्टाचा असण्याची शक्यता मोठी. ते घरी सुटणारं नव्हे.

दुसरा मॅक मिळालाच नाही तर मॅक दुरुस्तीला न्यावा. तिथेही हेच काम होतं, पण रिस्टोअर केलं की मॅक हमखास कोरा आणि चालू मिळतो, म्हणून काउंटरवरचा माणूस तिकडे झुकू शकतो. मॅक देताना पावतीवर 'आधी रिव्हाइव्ह, विचारल्याशिवाय रिस्टोअर नको' असं लिहून घ्यावं. रिस्टोअर करायची वेळ आलीच आणि मॅकवर फाइंड माय चालू असेल, तर कोरा झालेला मॅक आधीच्या मालकाचं ॲपल अकाउंट आणि पासवर्ड मागतो. मॅक जुना विकत घेतलेला असेल तर तो पासवर्ड कुणाकडे आहे हे आधीच पाहून ठेवावं लागतं.