देणे नसताना आलेली वकिलाची नोटीस

समजा, चिंचवडला राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या हाती मार्च २०२६ मध्ये पोस्टमन एक पाकीट देतो. आत वकिलाच्या लेटरहेडवर दोन पानी इंग्रजी मजकूर आहे. तुमच्या क्रेडिट कार्डाचे ४७,३१२ रुपये थकले आहेत, ते सात दिवसांत भरा, अन्यथा दिवाणी आणि फौजदारी कारवाई करू, शिवाय या नोटिशीच्या खर्चापोटी ५,५०० रुपये वेगळे द्या, असा त्याचा आशय आहे. बाईंनी ते कार्ड सप्टेंबर २०२२ मध्येच पूर्ण पैसे भरून बंद केले होते. देणे काहीच नाही, तरी पाकीट उघडल्यावर छातीत धस्स होतेच. घरातले कोणी म्हणते, "फाडून टाक." कोणी म्हणते, "पाच-दहा हजार देऊन मिटवून टाक, कोर्टाची पायरी नको." दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात आणि दोन्ही चुकीचे असतात. त्यातला दुसरा जास्त महाग पडतो.

अशी नोटीस म्हणजे एका पक्षाने वकिलामार्फत लिहिलेले पत्र. अशिलाने जे सांगितले ते वकिलाने कायद्याच्या भाषेत मांडले, एवढाच त्याचा अर्थ. नोटीस आली म्हणजे दावा दाखल झाला असे नाही, आणि न्यायालयाने काही ठरवले असे तर अजिबात नाही. न्यायालयाचे समन्स वेगळे असते. त्यावर न्यायालयाचे नाव, शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असते, आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ते प्रकरण शोधता येते. नोटिशीतली 'सात दिवस' ही मुदतही वकिलाने स्वतः घातलेली असते. ती उलटली म्हणून आठव्या दिवशी दारात कोणी उभे राहत नाही. नोटिशीचा खर्च मागितला म्हणून तो देणे लागतो असेही नाही.

धनादेश न वटल्याची नोटीस मात्र वेगळ्या जातीची. तिथे परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागते आणि मुदती कायद्यानेच ठरवलेल्या असतात. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली नाही, तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार दाखल होऊ शकते. अशा नोटिशीला उत्तरच न देणे आरोपीच्या विरोधात जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या रंगप्पा विरुद्ध श्री मोहन या निकालातून दिसते. तुमच्या नोटिशीत धनादेशाचा क्रमांक आणि बँकेच्या 'रिटर्न मेमो'चा उल्लेख असेल, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी वकील गाठा.

आता आपल्या शिक्षिकेकडे वळू. पहिले काम म्हणजे पाकीट जपून ठेवणे आणि त्यावर मिळाल्याची तारीख लिहिणे. दुसरे काम म्हणजे नोटिशीवरच्या नंबरावर फोन न करणे. हा नंबर बहुधा वसुली करणाऱ्या माणसाचा असतो. तो गोड बोलतो: "मॅडम, पूर्ण रक्कम राहू द्या. आज दहा हजार टाका, मी फाइल क्लोज करतो. फक्त व्हॉट्सॲपवर एवढं लिहून पाठवा." धोका नेमका इथे आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो.

आपल्याकडे १९६३ चा मुदत कायदा आहे. साध्या पैशाच्या मागणीसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षे मिळतात. पण त्या तीन वर्षांच्या आत देणेदाराने देणे असल्याची लेखी, सहीनिशी कबुली दिली, तर कलम १८ प्रमाणे त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. "देणे आहे, पण मी देणार नाही" असे लिहिले तरी ती कबुलीच धरली जाऊ शकते. मुदतीच्या आत थोडी रक्कम भरली आणि त्याची लेखी नोंद झाली, तर कलम १९ प्रमाणे तसाच परिणाम होतो. मुदत संपून गेलेली असेल आणि मग "मी पैसे देईन" असे सही करून लिहिले, तर करार कायद्याच्या कलम २५ मुळे ते वचन नव्याने बांधून ठेवते. ई-मेल आणि व्हॉट्सॲपवर लिहिलेलेही पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. म्हणून "सध्या अडचण आहे, थोडी मुदत द्या" हे साधे, नम्र वाक्य न लागणारे देणे अंगाला चिकटवू शकते. आपली माणसे भिडस्त असतात. समोरच्याला तोडून बोलायचे नाही म्हणून नेमके हेच लिहितात, याचे मला फार वाईट वाटते.

फोनऐवजी बाईंनी कागद काढावेत. सप्टेंबर २०२२ मधले शेवटचे बिल १८,४६० रुपयांचे होते. ते भरल्याची नोंद बँकेच्या उताऱ्यात तारीख आणि व्यवहार क्रमांकासह आहे. कार्ड बंद करा असा ई-मेल आहे आणि त्यावर विनंती क्रमांक देणारे बँकेचे उत्तर आहे. एवढे तीन कागद पुरतात. कार्ड बंद केल्याचे पत्र मिळाले असते तर उत्तमच, पण ते नसले म्हणून बाजू पडत नाही. जुना ई-मेल सापडत नसेल, तर बँकेच्या शाखेत जुना खातेउतारा लेखी अर्ज करून मागता येतो.

मग हे ४७ हजार आले कुठून? अशा प्रकरणात बहुतेक वेळा असे घडते: विनंती नोंदवली गेली, पण कार्ड प्रत्यक्षात बंद झाले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ९९९ रुपयांची वार्षिक फी लागली, वर १८ टक्के जीएसटी. ती भरली न गेल्याने दर महिन्याला विलंब शुल्क आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढत गेले. तीन वर्षांत हजार-बाराशे रुपयांचे पंचेचाळीस-पन्नास हजार झाले. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्ड निर्देशांप्रमाणे थकबाकी नसेल तर विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावे लागते. तसे केले नाही, तर खाते बंद होईपर्यंत ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायलाही त्या निर्देशांत मनाई आहे. म्हणजे हिशेब मागितला की मागणीचा पायाच डळमळतो. उत्तरात म्हणूनच हिशेब मागायचा असतो.

उत्तर वकिलाच्या नावे लिहायचे, कारण नोटीस त्याने पाठवली आहे. प्रत बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला द्यायची. मराठीत लिहिले तरी चालते, आणि एका पानाच्या पुढे जाऊ नये. शिक्षिकेचे उत्तर साधारण असे होईल:

"आपण आपल्या अशिलाच्या वतीने पाठवलेली दि. ९ मार्च २०२६ ची नोटीस मला दि. १४ मार्च रोजी मिळाली. त्यातील मागणी मला मान्य नाही. मी आपल्या अशिलाचे कोणतेही देणे लागत नाही. सदर कार्डाचे शेवटचे बिल, रु. १८,४६०, मी दि. १२ सप्टेंबर २०२२ रोजी पूर्ण भरले आणि त्याच दिवशी कार्ड बंद करण्याची लेखी विनंती केली. त्यानंतर मी कार्ड वापरलेले नाही. भरणा, विनंती आणि बँकेचे उत्तर यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

"आपल्या अशिलाचे म्हणणे वेगळे असल्यास दि. १ सप्टेंबर २०२२ पासूनचा संपूर्ण खातेउतारा, प्रत्येक आकारणीचा आधार आणि हे देणे अन्य कोणाकडे हस्तांतरित झाले असल्यास त्याची कागदपत्रे मला पाठवावीत. कोणतेही देणे मान्य न करता हेही नमूद करते की, ही मागणी मुदतबाह्य आहे. नोटिशीतील जी विधाने मी वर स्पष्टपणे मान्य केलेली नाहीत, ती सर्व मी नाकारते. कृपया नोटीस लेखी मागे घ्यावी आणि यापुढील पत्रव्यवहार लेखीच करावा."

एवढेच. यात राग नाही, विनवणी नाही, घरच्या आजारपणाची किंवा पगार उशिरा झाल्याची हकीकत नाही. ती हकीकत लिहिली की "पैसे नाहीत म्हणून दिले नाहीत" असा अर्थ काढता येतो. "कोणतेही देणे मान्य न करता" हे शब्द मुदतीच्या वाक्याआधी मुद्दाम आहेत. नाहीतर देणे होते पण जुने झाले, असे वाचले जाईल. खरे तर बाईंची मुख्य बाजू मुदतीची नाहीच. पैसे भरले आणि कार्ड बंद करायला सांगितले, ही आहे. म्हणून ते आधी येते. जे आठवत नाही ते अंदाजाने लिहू नये, कारण हेच पत्र उद्या न्यायालयात वाचले जाऊ शकते.

सोबत मूळ कागद कधीही पाठवू नयेत. झेरॉक्सवर सही करून द्यावी, आणि खातेउताऱ्यात लागेल तेवढीच ओळ उघडी ठेवून बाकीच्या झाकाव्यात. आधार-पॅनच्या प्रती मागितल्या तरी द्यायची गरज नसते. पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवावे. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे. पावती, पोचपावती आणि उत्तराची प्रत नोटिशीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवावी.

एवढ्यावर बरीच प्रकरणे थांबतात, कारण ठोक संख्येने नोटिसा पाठवणाऱ्याला हिशेब मागणारे उत्तर अपेक्षित नसते. पण काही थांबत नाहीत. फोन चालूच राहिले, तर वसुली करणाऱ्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये हा रिझर्व्ह बँकेचा नियम हाताशी असतो. वेळा आणि नंबर लिहून ठेवावेत. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. आणि खरोखरच समन्स आले, तर मात्र घरच्या घरी उत्तर लिहीत बसू नये. पैशाचा दावा 'समरी सूट' म्हणून लावला असेल, तर समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. ती चुकली, तर खरी बाजू असूनही एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. त्या दिवशी वकिलाच्या हातात ही फाइल ठेवली की त्याचे निम्मे काम झालेले असते.

एक गोष्ट नोटिशीइतकीच त्रास देते आणि तिच्याकडे लक्ष जात नाही: सिबिलचा अहवाल. न लागणारी थकबाकी तिथे चढलेली असेल, तर दोन वर्षांनी घराचे कर्ज मागायला गेल्यावर ती समोर येते. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. शिक्षिकेने उत्तर टपालात टाकले की त्याच आठवड्यात तो काढावा, चुकीच्या नोंदीवर तिथेच हरकत नोंदवावी आणि तक्रार क्रमांक फाइलमध्ये लावावा. ३० दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागण्याचा तिला हक्क आहे.